वाटाघाटीतला सहा

नाजियाला लातूरला पेपर तपासायला बोलावलं ते सौदामिनी मॅडमनी. मॅडम नांदेडच्या कॉलेजात तिला इंग्रजी शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या लातूरला मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या एका नर्सिंग कॉलेजात इंग्रजीचं सगळं काम बघू लागल्या. नाजिया मधली काही वर्षं हैदराबादला परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे पेपर तपासत होती. अब्बांची, चांदपाशांची, तब्येत बिघडली तशी ती नांदेडला परतली आणि वजिराबादेत त्यांच्या शिलाईच्या दुकानावरच्या माळ्यावर तिनं नर्स लोकांसाठी क्लास काढला.

लातूरच्या संस्थेची योजना चांगली होती. परदेशी दवाखान्यांत नोकरी हवी असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिथं बहुतेकांची गाडी लेखनावर अडते. म्हणून संस्था आपल्या नर्स लोकांचा आधी एक निबंध घ्यायची, मोठ्या परीक्षेत लावतात त्याच मापानं तपासून घ्यायची, आणि नऊपैकी साडेसहा बँड, म्हणजे गुण, किंवा त्याहून जास्त मिळवतील त्यांना स्वतःच्या पदरचे पैसे भरून परीक्षेला बसवायची. पेपरावर नाव नसायचं, फक्त क्रमांक. प्रत्येक निबंध दोघींनी वेगवेगळा तपासायचा. एखाद्या मुद्द्यावर दोघींत एकापेक्षा जास्त बँडचा फरक पडला तर बसून बोलायचं, आणि बोलूनही जमलं नाही तर तो निबंध उदगीरच्या वीरण्णा सरांकडे जायचा. त्यांनी दिलेला आकडा शेवटचा. हे नियम सौदामिनी मॅडमनीच केले होते आणि संस्थेचे अध्यक्ष अनंतराव यांनी त्यावर सही केली होती.

पहिल्या दिवशी दोघींनी दोन-तीन नमुन्याचे निबंध एकत्र तपासून माप जुळवून घेतलं. चार मुद्दे, आणि प्रत्येकाला शून्य ते नऊ; कोणत्या आकड्याला काय दिसायला हवं, त्याचं वर्णन तक्त्यात छापलेलं. विचारलं त्याला उत्तर दिलं का, हा पहिला; याला सगळे टास्क रिस्पॉन्सच म्हणतात. मजकूर एका धाग्यात पुढे सरकतो का, हा दुसरा. तिसरा शब्दांचा आणि चौथा व्याकरणाचा. चारांची सरासरी काढायची आणि जवळच्या अर्ध्या बँडला न्यायची. ऐकायला सोपं आहे. पण तपासणाऱ्याचं मन एका मुद्द्याचा राग दुसऱ्यावर काढायला बघतं. स्पेलिंग चुकलं की विचारही कच्चे वाटायला लागतात. नाजिया हैदराबादला हेच शिकली होती, की प्रत्येक मुद्द्याला पेपर नव्यानं वाचायचा, जणू आधी पाहिलाच नाही.

प्रश्न असा होता : काहींच्या मते पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डात रात्रंदिवस थांबू द्यावं, तर काहींच्या मते सेवा फक्त शिकलेल्या कर्मचाऱ्यांवर सोडावी. दोन्ही बाजू मांडा आणि स्वतःचं मत द्या.

गठ्ठ्यातले कितीतरी निबंध एकाच साच्यातून काढलेले होते. ‘इन धिस मॉडर्न इरा’नं सुरुवात, मग ‘दुधारी तलवार’, मग ‘नाण्याच्या दोन बाजू’. कुठल्यातरी क्लासनं पाठ करून घेतलेलं. त्या सांगाड्यात ‘मोबाईल’च्या जागी ‘नातेवाईक’ बसवला होता इतकंच. भारी शब्द होते, पण ते उसने; आणि प्रत्येक वाक्याआधी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ ठोकलेलं, पुढच्या वाक्याचा मागच्याशी संबंध असो की नसो. नाजियानं पाठ केलेले तुकडे बाजूला ठेवले आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं काय उरतं ते पाहिलं. उरायचं ते पाचाच्या आसपास. सौदामिनी मॅडमही तिथंच येत होत्या. तपासताना दोघींचं माप असं जुळलं की छान वाटतं.

दुपारी तिच्या हातात तो निबंध आला.

अक्षर मोठं आणि घाईचं होतं. पहिल्याच वाक्यात लिहिणाऱ्यानं आपलं मत ठणकावून सांगितलं होतं, की नातेवाइकांना थांबू दिलंच पाहिजे. मग कारणं. मी ज्या दवाखान्यात काम करते किंवा करतो, ते कळायला मार्ग नव्हता, तिथं रात्री दोन वॉर्डांना मिळून एकच नर्स असते. एका वॉर्डात सलाईन बदलेपर्यंत दुसऱ्यात कुणी पडलं तर त्याला उचलतो तो शेजारच्या खाटेचा भाऊ. पुढे एक वाक्य होतं, ते वाचून नाजियाचा पेन थांबला : नातेवाईक म्हणजे ज्यांची आपण कधी नेमणूक केली नाही अशा नर्स आहेत. शेवटी असं, की जो दवाखाना पुरेशी माणसं नेमत नाही, त्याला पेशंटच्या आईला बाहेर काढायचा हक्क नाही.

व्याकरण खडबडीत होतं. ‘हॅव’ला उगाच ‘आयएनजी’ लावलेलं, ‘द’ हवा तिथं नाही आणि नको तिथं आहे. पण एकही वाक्य कळायला अडत नव्हतं, आणि मोठी वाक्यं जोडण्याची हिंमत होती. शब्द साधे, नेमके, थोडे पुन्हा पुन्हा तेच येणारे. परिच्छेद मात्र एकातून दुसरा सहज निघत होता, कुठंही ‘मोअरओव्हर’चा टेकू न घेता. तिनं चारही मुद्द्यांसाठी चार वेळा वाचून आकडे टाकले. सात, सात, सहा, सहा. साडेसहा. निबंध पास होत होता. तिला मनातून बरं वाटलं, पण दहा जणांच्या अंगाला मापं लावून झाल्यावर अकराव्याचं बेतलेलं कापड बरोबर बसलं की अब्बांना जसं वाटतं, तितकंच.

तिनं तो सौदामिनी मॅडमच्या गठ्ठ्यात ठेवला. चहा आला, आणि चहाच्या मागोमाग अनंतराव आले.

अनंतराव साठीतले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले, बोलायला गोड. कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलं होतं. शिरूर अनंतपाळचा दवाखाना त्यांनी स्वतः. नाजियाची त्यांनी विचारपूस केली, नांदेडहून बस वेळेवर मिळाली का म्हणाले, आणि सहज हात घालून मॅडमच्या गठ्ठ्यातला वरचा निबंध उचलला. इंग्रजी त्यांना चांगलं यायचं. ते उभ्यानं वाचत गेले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. कागद खाली ठेवून ते मॅडमना म्हणाले, जरा बाहेर येता का. दोघं व्हरांड्यात बराच वेळ बोलत होती. नाजियाला शब्द ऐकू आले नाहीत. परत आल्यावर मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. चष्मा पुसला आणि गठ्ठा पुढे ओढला.

संध्याकाळी आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा बाकी सगळं जुळत होतं. त्या एका निबंधाला मात्र टास्क रिस्पॉन्सच्या रकान्यात नाजियाचे सात आणि मॅडमचे पाच. उरलेले तिन्ही आकडे तंतोतंत सारखे. मॅडमचा पाच धरला तर सरासरी सहा येत होती, म्हणजे नापास.

“विषयांतर आहे,” मॅडम म्हणाल्या. “असंबद्ध तपशील आला की पाचाच्या वर्णनात बसतं. तक्त्यात लिहिलंय तसं.”

“कोणतं वाक्य असंबद्ध, मॅडम?”

“रात्री एकच नर्स वगैरे. प्रश्न नातेवाइकांचा आहे. दवाखान्याच्या कारभाराचा न्हाई.”

“नातेवाईक कशाला थांबावेत, तर माणूस कमी हाय म्हणून. तेच तर त्याचं कारण. ते काढलं तर निबंधात राहतं काय?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. चला, घरी जाऊ, सुनेनं वरणफळं केलीत, एवढंच म्हणाल्या. नाजिया त्यांच्याकडेच उतरली होती. जेवताना मॅडमनी तिला आग्रहानं वाढलं, अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली, कॉलेजातल्या जुन्या गमती काढल्या. निबंधाचा विषय कुणी काढला नाही. ज्या बाईनं आपल्याला वाक्य कसं उभं राहतं हे शिकवलं, तिच्याच ताटात जेवून तिच्या आकड्याला नाही म्हणायचं, हे नाजियाच्या घशाखाली उतरत नव्हतं. वरणफळं मात्र तिनं संपवली.

सकाळी गच्चीवर मॅडम तुळशीला पाणी घालत होत्या. नाजिया चहा घेऊन वर गेली, तेव्हा त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

“मी पण काल वाचून आधी सातच दिले होते, मग खोडून पाच केले,” त्या म्हणाल्या. “व्हरांड्यात अनंतराव म्हणाले होते, आमच्याच दवाखान्यात नोकरी करायची, आमच्याच पैशानं परीक्षा द्यायची आणि आमचीच अब्रू काढायची. याचे गुण खाली आणले नाहीत तर योजनाच बंद करतो म्हणाले. आणि ते करतील, नाजिया. मी त्यांना ओळखते. दरवर्षी इतकी मुलं-मुली बाहेर जाऊन राहिलीत. शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची पोरं. एका निबंधासाठी सगळ्यांचं दार लावून घ्यायचं का?”

हे सोपं नव्हतं, आणि मॅडम खोटं बोलत नव्हत्या.

“मी रात्रभर हिशेब केला,” मॅडम पुढे म्हणाल्या. “तू सातावरून सहावर ये. मी पाचावरून सहावर येते. बेरीज पंचवीस, सरासरी सव्वासहा, आणि सव्वासहा वर जाऊन साडेसहा होतात. पोरगं पासच होतं. अनंतरावांना मी सांगेन, आम्ही आकडा खाली आणला. त्यांचं समाधान, पोराचं काम, योजनाही टिकते. कुणाचं काय बिघडलं?”

खरोखर कुणाचं काही बिघडत नव्हतं. नाजियानं चहाचा कप कठड्यावर ठेवला. खाली रस्त्यावर क्लासच्या पोरांचे लोंढे सायकलींवरून चालले होते; लातूरला सकाळ झाली की आधी क्लास जागे होतात. हो म्हणून टाकावं, असं तिला क्षणभर फार वाटलं. अकराच्या बसनं नांदेडला जाता आलं असतं.

“कोणत्या वाक्यासाठी सहा द्यायचे, मॅडम?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“निबंध पुढं ठेवा आणि मला दाखवा, हितं कमी पडलाय म्हणून सहा. मी लगेच देते. पण पाच आणि सात यांच्या मधे येतो म्हणून सहा देणार न्हाई. तो निबंधाचा आकडा न्हाई, तो आपल्या दोघींच्या वाटाघाटीचा आकडा झाला.”

“पोरगं पास होतंय की गं.”

“औंदा होतंय. पण अनंतरावांना काय कळलं? की ते खोलीत येऊन बोलले की आकडा हलतो. पुढच्या वर्षी दोननं हलवायला सांगतील. तवा बेरीज जमणार न्हाई.”

मॅडमचा आवाज चढला. त्या म्हणाल्या की तत्त्वाचं बोलायला नांदेडच्या बसमध्ये बसून निघून जाणाऱ्याला काय लागतं, इथं राहून निभावणाऱ्याला विचार. हे नाजियाला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं मान खाली घातली, पण सात खोडले नाहीत. आपल्यात जमलं नाही, तर नियमाप्रमाणे निबंध वीरण्णा सरांकडे जाऊ द्या, ते जो आकडा देतील तो मला मान्य, मग तो तीन असला तरी, असं ती शांतपणे म्हणाली.

अनंतरावांना हे कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. आता ते गोड बोलत नव्हते.

“मला माहीत हाय हे कोणी लिहिलं ते,” ते म्हणाले. “शिरूरच्या दवाखान्यातली मनस्विनी. मागं ड्युटीवरून तिनंच अर्ज केला होता. बाई, तुम्ही परक्या गावच्या. तुम्हाला आमच्या घरातलं राजकारण ठाऊक न्हाई. तुम्ही तुमचा आकडा बदला, मी तुम्हाला पुढच्या साली सगळ्या शाखांचं काम देतो.”

“कोणी लिहिलं ते मला ठाऊक न्हाई, आणि जाणून घ्यायचंही न्हाई,” नाजिया म्हणाली. “मत आवडलं तर वाढवायचे आणि झोंबलं तर कमी करायचे, असं या तक्त्यात कुठं लिहिलेलं न्हाई. तक्ता विचारतो, मत स्पष्ट हाय का आणि त्याला आधार दिलाय का. तुम्ही वाचलं, साहेब. तुम्हाला मत स्पष्ट कळलं का न्हाई?”

अनंतराव खुर्चीत पुढे सरकले.

“तुम्हाला तर लई स्पष्ट कळलं,” ती म्हणाली. “म्हणून तर आपण हितं बसलोय.”

अनंतरावांनी तिच्यावरची नजर काढून मॅडमकडे वळवली, जणू हिला आवरा म्हणत होते. सौदामिनी मॅडम खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. नाजियाला वाटलं, आता त्या माफी मागतील आपल्या वतीनं. पण मॅडम म्हणाल्या, “नियम माझे आहेत आणि सही तुमची आहे. निबंध उदगीरला जाईल. मी माझे पाच मागं घेते. ते मी निबंध बघून दिले नव्हते.”

नाजियानं त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण पर्सवरची पकड सैल झाली होती. अनंतरावांनी योजनेचं काय होईल ते बघतो म्हणून सांगितलं. बघा, मॅडम म्हणाल्या, योजनेची बातमी तुम्हीच पेपरात दिली होती, बंद केल्याचीही तुम्हीच द्याल.

निबंधाचं पान स्कॅन करून वीरण्णा सरांना मेलवर गेलं. बरोबर कुणाचेही आकडे नव्हते, कसला वाद हेही नव्हतं. फक्त टास्क रिस्पॉन्सचा बँड द्या, कारणासहित, एवढंच. वीरण्णा सर म्हातारे, काटेकोर, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, आणि कुणाचंही न ऐकण्याबद्दल आसपासच्या तालुक्यांत प्रसिद्ध. दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. दोघी बाकीच्यांच्या निकालाच्या याद्या भरत राहिल्या. मधेच मॅडम म्हणाल्या, सकाळचं मनावर घेऊ नकोस. नाजिया म्हणाली, घेतलंय, पण राग न्हाई. पुन्हा दोघी आपापल्या यादीत.

चारच्या सुमारास फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. अनंतरावही येऊन दारात उभे राहिले.

“सहा,” वीरण्णा सर म्हणाले.

मॅडमनी फोनचा आवाज वाढवला.

“मुलगा असो, मुलगी असो, लिहिणारा हुशार आहे,” सर पुढे बोलू लागले. “मत एकदम स्वच्छ, आधार भक्कम. पण प्रश्नात दोन्ही बाजू मांडा म्हटलं की नाही? दुसरी बाजू, कर्मचाऱ्यांवर सोडावं ही, ती यानं दीड वाक्यात उरकली. संसर्ग होतो म्हणाला आणि पळाला. दोन्ही भाग हाताळलेत, पण एक भरपूर आणि एक उपाशी. हे सहाचं वर्णन आहे. सातात बसवता येत नाही. पाचात मात्र मुळीच नाही; असंबद्ध असं त्यात एक अक्षर नाही. झालं की, अजून काही?”

काही नव्हतं. मॅडमनी फोन ठेवला आणि त्यांना एकदम हसू फुटलं, थकलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं. “सहाच की गं,” त्या म्हणाल्या. “गच्चीवर मी काय म्हणत होते?”

नाजियानं निबंध पुढे ओढला आणि पुन्हा वाचला, या वेळी फक्त दुसऱ्या बाजूसाठी. दीड वाक्य. सर शंभर टक्के बरोबर होते. त्या नेमणूक नसलेल्या नर्सच्या वाक्यावर ती इतकी भाळली होती की प्रश्नाचा अर्धा भाग उपाशी राहिलेला तिला दिसलाच नव्हता; आणि मॅडमनाही नाही, कारण त्यांनीही आधी सातच दिले होते. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं स्वतःचे सात खोडले, शेजारी सहा लिहिले आणि खाली कारण लिहिलं, सरांच्याच शब्दांत.

“तोच आकडा आहे,” अनंतराव दारातून म्हणाले. “मग एवढा तमाशा कशापायी केला?”

“हा आकडा निबंधातून आलाय, साहेब,” नाजिया म्हणाली. “ज्यानं लिहिलं त्याला मी उद्या तोंडावर सांगू शकते की सहा का. तुमचे पाच, किंवा आम्ही मधे गाठला असता तो सहा, का म्हणून विचारलं असतं, तर मला खाली बघावं लागलं असतं.”

पंचवीस, सव्वासहा, साडेसहा. पास. आकडे पक्के झाल्यावर क्रमांक उघडले, तेव्हा निबंध मनस्विनीचा नव्हताच. तो नागसेन नावाच्या एका ब्रदरचा होता, मूळ हिमायतनगरचा, शिरूरच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारा. मनस्विनीचा निबंध ‘मॉडर्न इरा’वाल्यांत होता आणि तिला साडेपाच मिळाले होते. अनंतरावांनी ते दोन वेळा वाचलं. नागसेन त्यांच्या दवाखान्यातला सगळ्यात गरीब, मान वर न करणारा म्हणून ओळखला जायचा. ते तसेच निघून गेले.

योजना बंद झाली नाही. निदान त्या वर्षी तरी नाही. पास झालेल्यांची नावं लागली आणि त्यात नागसेनचंही होतं. नाजियाला मात्र पुन्हा बोलावणं यायचं नाही, हे मॅडमनी निघताना सांगितलं. स्वतःबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बसस्टँडपर्यंत रिक्षानं सोडायला आल्या, खिडकीतून तिच्या हातात धपाटी आणि दह्याचा डबा दिला, आणि बस हलली तरी तिथंच उभ्या राहिल्या.

पुढे काही आठवड्यांनी नांदेडला क्लास सुटायच्या वेळी एक उंच, सडपातळ तरुण जिना चढून आला. खाली चांदपाशांनी त्याला विचारलं होतं, कुणाकडे, तर म्हणाला, ज्या मॅडमनी लातूरला अध्यक्षांशी भांडण केलं त्यांच्याकडे. अनंतरावांनीच रागानं जिकडं तिकडं सांगून तिचं नाव गावभर केलं होतं. अब्बांनी मान डोलवून त्याला वर पाठवलं आणि स्वतःही सुईदोरा घेऊन जिन्याखाली ऐकत बसले.

“मी नागसेन,” तो म्हणाला. नाजियाला वाटलं, आता हा पाया पडेल, आभार मानेल. तिनं त्यासाठी तोंड कसं करावं याची तयारीही केली. पण नागसेननं खिशातून घडी घातलेला निकाल काढून टेबलावर आपटला.

“टास्क रिस्पॉन्सला सहा का?” तो म्हणाला. “बाकीचं मला मान्य हाय. व्याकरणाला सहा दिले, ठीक हाय, ‘द’ मला कळतच न्हाई. पण हितं सहा कसे? मी जे लिहिलं ते समदं खरं हाय. मी रोज रात्री बघून राहिलो ते.”

नाजियाला हसू आलं आणि ती हसली नाही. “खरं असल्याचे गुण न्हाईत,” ती म्हणाली. “प्रश्नानं दोन बाजू मागितल्या. दुसरी तुम्ही दीड वाक्यात उरकली.”

“दुसऱ्या बाजूला बोलण्यासारखं हायच काय?”

“न्हाई का? तुम्ही स्वतः शिकलेले कर्मचारी ना. भावानं पडलेल्या पेशंटला उचललं आणि त्याचं मोडलेलं हाड सरकलं, असं कधी झालं न्हाई?”

“झालंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोनदा.”

“मग ते कुठंय निबंधात?”

“ते लिहिलं तर अनंतराव म्हणतील, बघा, नातेवाईक नकोतच.”

“ते काय म्हणतील ते त्यांच्यापाशी. तुम्ही दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा, पुरती मांडा, आणि मग सांगा की तरीही माझं मत हेच हाय, आणि का. तवा कोणाला सातच्या खाली देता येणार न्हाई. अर्धी बाजू लपवून जिंकलं तर तुमची बाजू कच्ची हाय, असंच वाचणाऱ्याला वाटतं.”

तो खुर्ची ओढून बसला. परीक्षा पुढच्या महिन्यात हैदराबादला होती. आज रात्रपाळी नाही का, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, आज सुट्टी आहे. त्यानं शिरूरची रात्रपाळी सोडली नव्हती, पण दोन वॉर्डांना एकटा थांबणार नाही असं लेखी देऊन आला होता; आता दुसऱ्या वॉर्डाला मनस्विनी सिस्टर असते. काढून टाकलं तर टाकलं. हे सांगताना त्याच्या आवाजात बढाई नव्हती, हट्ट होता, आणि तो नाजियाला आवडला.

“वेळ लावा,” नागसेन म्हणाला आणि बॅगेतून कोरे कागद काढले. “चाळीस मिनिटं. मी तोच प्रश्न पुन्हा लिहितो. आणि मॅडम, आवडला म्हणून सात देऊ नका.”

“देणार न्हाई,” नाजियानं घड्याळ समोर ठेवलं.

खाली अब्बांची मशीन सुरू झाली. नागसेन लिहू लागला, मोठ्या आणि घाईच्या अक्षरात. पहिला परिच्छेद त्यानं सुरू केला तो मोडलेल्या हाडाच्या त्या पेशंटपासून.